आईच्या ऑपरेशनसाठी हॉस्टेलमधनं सुट्टी कशी मागायची (मी दोनदा मागितली, त्यावरनं)

मी साताऱ्यात कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलला राहते, घर जत तालुक्यात. मागच्या टर्मला माझ्या आईचं पिशवीचं ऑपरेशन मिरजेत झालं आणि त्यासाठी मला वॉर्डन मॅडमकडं दोनदा सुट्टी मागायला लागली. पहिल्यांदा मिळाली पण सगळी वाया गेली, दुसऱ्यांदा मागायला गेले तेव्हा मॅडमनी आधी सरळ नाही म्हणून सांगितलं. मग मी रूमवर परत येऊन सगळं नीट जमवलं, दुसऱ्या दिवशी परत गेले आणि पाच मिनिटात सही झाली. आता फर्स्ट इयरच्या मुली येऊन विचारतात ताई काय सांगू, कसं सांगू, म्हणून जे केलं ते क्रमानं लिहितेय. प्रत्येक हॉस्टेलचे नियम थोडे वेगळे असतात, कुठं रेक्टर असतात, समाजकल्याणच्या वसतिगृहात गृहपाल असतात, पण विचारतात सगळे साधारण तेच.

आधी घरी फोन करा आणि तारीख पक्की आहे का ते विचारा

इथंच माझी पहिल्यांदा चूक झाली. पप्पांचा फोन आला, गुरुवारी ऑपरेशन आहे, बुधवारी अ‍ॅडमिट करायचंय. मी तसंच अर्जात लिहिलं, बुधवार ते रविवार सुट्टी घेतली आणि गेले. बुधवारी दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला, आईचं हिमोग्लोबिन ७.६. अंगावरनं खूप जात होतं ना कितीतरी महिने, त्यामुळं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले आत्ता नाही, आधी रक्त वाढवा, १० च्या आसपास आलं की बघू. दोन बाटल्या रक्त चढवलं (एका बाटलीनं साधारण १ नं वाढतं), लोहाची इंजेक्शनं सुरू केली आणि आईला घरी पाठवलं. ऑपरेशन तीन आठवडे पुढं गेलं आणि माझी सुट्टी मात्र संपली.

म्हणून घरी विचारायचा प्रश्न 'तारीख कधीय' हा नाही. विचारायचं की रक्त-लघवी, ईसीजी, छातीचा एक्सरे हे सगळं झालंय का आणि फिजिशियननी फिटनेस लिहून दिलाय का. फिटनेस मिळाला नसंल तर ती तारीख म्हणजे फक्त अंदाज आहे असं समजा. शुगर वाढलेली निघते, बीपी चढलेलं असतं, खोकला असतो, आणि तारीख पुढं जाते. जन आरोग्य योजनेतनं ऑपरेशन असंल तर अजून एक विचारायचं, मंजुरी आली का. तिथं आधी कागद पाठवून मंजुरी घ्यावी लागते, ती आल्याशिवाय ठरलेलं ऑपरेशन करत नाहीत. घरच्यांना हे सगळं माहीत नसलं तर त्यांना सांगा की वॉर्डमधल्या सिस्टरना किंवा योजनेच्या काउंटरवर विचारून घ्या.

हे झालं की अ‍ॅडमिशनचा सल्ला लिहिलेला जो कागद असतो त्याचा फोटो मागवून घ्या. केसपेपर असू दे नाहीतर डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर पेशंटचं नाव, हॉस्पिटलचं नाव आणि तारीख एवढं वाचता आलं पाहिजे. पप्पांनी मला पहिला फोटो पाठवला त्यात अर्धा कागद अंगठ्याखाली होता, तसला चालत नाही.

तुम्ही तिथं जाऊन काय करणार ते ठरवा

सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटतं, आणि यावरच माझं दुसऱ्यांदा अडलं. मॅडमनी विचारलं, 'वडील आहेत, आत्या आहे म्हणतेस, मग तुझं काय काम आहे तिथं? ऑपरेशन डॉक्टर करणार.' मला राग आला आणि रडू पण आलं, आई आहे माझी, काम काय आहे म्हणजे काय. पण नंतर शांतपणे विचार केला तर त्यांच्याकडं महिन्याला किती मुली ऑपरेशनचं सांगत येत असतील, कुणाच्या मामाच्या सासऱ्याचं, कुणाच्या काकूचं, आणि त्यातलं कुठलं खरं ते त्यांना कळायला मार्ग नाही.

खरं उत्तर माझ्याकडं होतं, मी ते सांगितलंच नव्हतं. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष नातेवाईकाला थांबू देत नाहीत, पेशंटजवळ एकच बाई, तिच्याकडं पास. म्हणजे पप्पा दिवसभर औषधं आणणं, बिलं भरणं करतील पण रात्री ते बाहेर पॅसेजमध्ये. आत्याचं गुडघ्याचं दुखणं, तिला रात्रभर स्टुलावर बसवत नाही आणि आईला धरून उठवणं तर जमणारच नाही. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी लघवीची नळी असते, पेशंट पडूनच असतो, खरी माणसाची गरज दुसऱ्या दिवसापासनं लागते, नळी काढली की बाथरूमपर्यंत धरून न्यायचं, टाक्यांवर ताण न येता कुशीवर करून उठवायचं, केस विंचरायचे, गाऊन बदलायचा. हे आई पप्पांकडनं करून घेणार नाही, नर्सला पण संकोचानं सांगणार नाही. हे मी दुसऱ्या दिवशी मॅडमना असंच्या असं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, अर्ज हातात घेतला.

तर तुमचं काम काय ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. रात्री थांबायला दुसरी बाई नाही, किंवा घरी लहान भाऊ एकटा आहे आणि जनावरांचं बघायला कुणी नाही, किंवा आजोबांना शहरातलं काही कळत नाही आणि कागदपत्रं मीच करते. जे खरं असंल ते. आई-वडिलांच्या पुढचं नातं असंल, म्हणजे आजी, आत्या, मावशी, तर नुसतं नातं सांगून भागत नाही, तेव्हा हेच जास्त लागतं. माझ्या रूममेटला आजीनंच वाढवलंय, तिनं अर्जात 'मी लहानपणापासून आजीकडेच राहते' असं लिहिलं आणि तिला मोतीबिंदूसाठी दोन दिवस मिळाले. मोतीबिंदूला दोनच मागायचे, त्यात पेशंट बहुतेक त्याच दिवशी घरी येतो हे वॉर्डनना पण माहीत असतं.

कुठले दिवस मागायचे

पहिल्यांदा मी अ‍ॅडमिट करायच्या दिवसापासनं मागितले होते. त्या दिवशी खरं तर नुसत्या तपासण्या आणि रांगा असतात, ते पप्पा करू शकतात. दिवस मोजकेच मिळणार असतील तर ते ऑपरेशनच्या नंतरचे ठेवा, आधीचे नाही. दुसऱ्यांदा ऑपरेशन मंगळवारी होतं, मी सोमवारी सकाळी निघाले, कारण ऑपरेशनच्या आदल्या रात्री आईजवळ असायचं होतं, रात्रीपासनं तोंडात पाणी पण घालू देत नाहीत आणि ती घाबरलेली होती. डिस्चार्ज शुक्रवारी सांगितला होता. आईला घरी नेऊन सगळं लावून देऊन मी शनिवारी संध्याकाळी परत, रविवार मोकळा. अर्जात मात्र रविवार संध्याकाळपर्यंत लिहिलं, म्हणजे डिस्चार्ज एक दिवस लांबला तर परत फोन करून विनवण्या नकोत. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आलेलं कुणालाच खटकत नाही.

टाके काढायला आठ-दहा दिवसांनी परत न्यायचं असतं, त्यासाठी सुट्टी मागू नका, ते काम घरचे करतात.

दुर्बिणीतनं ऑपरेशन असंल तर पेशंट लवकर घरी येतो, मग पाच-सहा दिवस मागितले तर मॅडम विचारणारच. म्हणून ऑपरेशन कसलं आहे, टाक्यांचं का दुर्बिणीचं, आणि डिस्चार्ज कितव्या दिवशी, एवढं घरी विचारून ठेवा.

आधी कॉलेज, मग हॉस्टेल

वॉर्डनची परवानगी म्हणजे कॉलेजची सुट्टी नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन मुली इथं हमखास फसतात. गेट पास घेतला, गेल्या, आणि परत आल्यावर कळतं की इंटर्नल चुकली. आमच्याकडं वॉर्डन मॅडम क्लास टीचर आणि एचओडीची सही बघितल्याशिवाय अर्ज हातात घेत नाहीत, तुमच्याकडं तसं नसलं तरी आधी तिकडंच जा.

जायच्या आधी हजेरी मोजा. आमच्याकडं ७५ टक्के लागते. एका विषयाची टर्मला ४० लेक्चर धरली तर ३० भरायला लागतात, १० चुकली तरी चालतात. आठवड्याला चार लेक्चर असतील तर एका आठवड्याच्या सुट्टीत चार जातात. माझी पहिल्या फेरीत तीन गेली, दुसऱ्या फेरीत चार, म्हणजे ३३ राहिली, बसलं. पण तुमची हजेरी आधीच काठावर असंल तर बघा, २५ पैकी १९ लेक्चर केली असतील तर ७६ टक्के दिसतात आणि वाटतं की चला आहे की, त्यात चार चुकली की २९ पैकी १९, ६५ वर येता. मग उरलेली अकराच्या अकरा बसलात तरच बरोब्बर ३० होतात, एक ताप आला की गेलं. तरी जायचंच असंल तर जा, आईपेक्षा हजेरी मोठी नाही, पण क्लास टीचरना आधी सांगून जा आणि हॉस्पिटलचे कागद जपून ठेवा, कारण पुढं हजेरी कमी पडली तर माफीच्या अर्जाला तेच जोडायला लागतात. त्या आठवड्यात युनिट टेस्ट किंवा प्रॅक्टिकल असंल तर परत कधी घेणार ते त्या त्या सरांना विचारून जा, जमलं तर लिहून घ्या.

घरचा फोन

हॉस्टेलच्या फॉर्मवर पालकांचा जो नंबर दिलाय त्याच नंबरवरनं फोन यावा लागतो. आता माझ्या फॉर्मवर नंबर होता आईचा. आई वॉर्डात, फोन पिशवीत, पिशवी कॉटखाली. पहिल्यांदा ह्यातच अर्धा दिवस गेला, पप्पांनी त्यांच्या नंबरवरनं फोन केला तर ऑफिसमध्ये म्हणाले हा नंबर आमच्याकडं नाही. तेव्हा अ‍ॅडमिट करायच्या आधीच, घरचे घरी असताना, फोन करून घ्या, आणि एकच नंबर दिला असंल तर आत्ताच, काही कारण नसताना, दुसऱ्याचा पण नंबर लिहून घ्यायला सांगा. काही हॉस्टेलला न्यायला पालकच यावे लागतात किंवा फॉर्मवर ज्यांचा फोटो आहे तेच. पप्पा पेशंट सोडून साताऱ्याला कसे येणार, मग अर्जात स्पष्ट लिहायचं की 'मुलीला एकटीला पाठवण्यास माझी संमती आहे' आणि पप्पांची सही करून तो कागद फोटो काढून मागवायचा.

अर्ज

लांबलचक नको. आई, तिचं दुखणं, तिचे हाल हे सगळं अर्जात लिहायची गरज नाही. माझा दुसरा अर्ज असा होता:

प्रति,
मा. वॉर्डन मॅडम,
मुलींचे वसतिगृह.

विषय : आईच्या ऑपरेशनसाठी सोमवार ते रविवार रजा मिळणेबाबत.

महोदया,
मी रूम नं. अमुक मधील, तृतीय वर्षाची विद्यार्थिनी. माझ्या आईचे मंगळवारी मिरज येथे पोटाचे ऑपरेशन आहे. फिटनेस मिळालेला आहे. महिला वॉर्डमध्ये रात्री थांबण्यास घरात दुसरी स्त्री नसल्याने मला जाणे आवश्यक आहे. मी सोमवारी सकाळी सातच्या एसटीने निघेन व रविवारी संध्याकाळी सहापर्यंत परत येईन. या काळात मी हॉस्पिटलमध्ये व डिस्चार्जनंतर घरी असेन. वडिलांचा व आत्याचा नंबर खाली दिला आहे.
सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, वडिलांचे संमतीपत्र, विभागप्रमुखांची सही.

आपली विश्वासू,

खाली नाव, सही, दोन नंबर. बस. 'दुसरी स्त्री नसल्याने' लिहिलं तेव्हा आत्याचा नंबर खाली आहेच की असं मैत्रिणीनं दाखवलं, मग मी 'आत्या आजारी असल्याने' हे पेननं वर घातलं, कारण मॅडमनी आत्याला फोन लावला असता तर मी खोटी ठरले असते. आपला अर्ज दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्याच.

'पोटाचे ऑपरेशन' एवढंच लिहिलं ते मुद्दाम. आमच्याकडं अर्ज पुढं रेक्टर सरांकडं जातो, ऑफिसमधले क्लार्क बघतात. गर्भाशयाचं आहे, अंगावरनं जातं हे त्या सगळ्यांना कशाला, माझ्या आईला ते आवडलं नसतं. मॅडमना तोंडी सांगितलं, त्यांनी पण परत विचारलं नाही. त्यात खोटं काही नाही. पण होत नसलेलं ऑपरेशन दाखवून कधी सुट्टी घेऊ नका, कारण पुढच्या मुलीचं खरं असतं आणि तिला 'मागच्या वेळी पण अशीच एक आली होती' हे ऐकायला लागतं.

मॅडमसमोर

शक्यतो संध्याकाळच्या हजेरीच्या वेळी जाऊ नका, तेव्हा त्यांच्यापुढं पन्नास मुली असतात. सकाळी ऑफिसला बसतात तेव्हा जा, निघायच्या तीन-चार दिवस आधी. सगळे कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, वर अर्ज. आधी अर्ज पुढं ठेवा, मग बोला. त्या साधारण तीन गोष्टी विचारतात, कशानं जाणार, कुठं राहणार, परत कधी येणार. उत्तर द्यायला अडखळलात की त्यांना शंका येते.

नाही म्हणाल्या तर तिथं वाद घालू नका, विचारा की मॅडम, अजून कुठला कागद आणू? मला ह्याच प्रश्नावर कळलं की त्यांना एचओडीची सही नसल्याचा राग होता, आईच्या ऑपरेशनचा नव्हता. आणि कागद सगळे असूनही नाहीच म्हणाल्या तर रेक्टर सरांना भेटायचा तुम्हाला हक्क आहे, फक्त मॅडमना सांगून जा, त्यांच्या मागनं नको, परत येऊन त्यांच्याच हॉस्टेलला राहायचंय.

न सांगता निघून जाणं, मैत्रिणीला हजेरी लावायला सांगणं, हे चुकूनही करू नका. वाटेत काही झालं तर हॉस्टेलला वाटतं मुलगी रूमवर आहे आणि घरी वाटतं की ती निघालीच नाही, आणि शोधायला कुणी नसतं.

निघताना

दिवसाउजेडी निघा. साताऱ्याहून मिरजेला एसटीनं तीन-साडेतीन तास लागतात, कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगली आणि तिथनं पुढं मिरज. बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे. रेल्वेनं थेट मिरजेला उतरता येतं पण सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, रिक्षाचा वेळ धरून निघा. वॉर्डनना हे आधीच सांगितलेलं असलं की रात्रीच्या प्रवासाचा त्यांचा प्रश्नच राहत नाही.

गेटवर वॉचमन काकांकडं पास दाखवून रजिस्टरला आऊट टाइम लिहा, सही करा. मी गडबडीत एकदा लिहायची विसरले होते, तर परत आल्यावर काका म्हणाले तू तर गेलीच नाहीस. मेसला पण लेखी कळवा. आमच्याकडं सलग काही दिवस नसलं तरच पैसे कमी होतात आणि आधी सांगितलं असंल तरच, आल्यावर सांगून उपयोग नाही. पोचल्यावर मॅडमना 'पोचले' एवढा मेसेज टाका.

दिवस वाढवायचे असले तर

परत यायची वेळ टळून गेल्यावर फोन करू नका, आदल्या दिवशी करा, आणि तुम्ही नाही, पप्पांना करायला सांगा, नंतर तुम्ही मेसेज टाका. आईला तिसऱ्या दिवशी ताप आला होता, डॉक्टर म्हणाले एक दिवस थांबूया, शुक्रवारचा डिस्चार्ज शनिवारवर गेला. मी तेव्हाच कळवलं. रविवारपर्यंत अर्ज होताच म्हणून नुसतं कळवून भागलं.

आल्यावर

रविवारी साडेपाचला पोचले, रजिस्टरला इन टाइम लिहिला, सोमवारी सकाळी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स दिली. कार्डावर आत सगळं लिहिलेलं असतं म्हणून मी फक्त वरचा भाग, नाव आणि अ‍ॅडमिट-डिस्चार्जच्या तारखा असलेला, झेरॉक्स केला, खालच्या भागावर कोरा कागद ठेवून. मॅडमनी तारखा बघितल्या, फाईलला लावला. एक प्रत क्लास टीचरना, एक स्वतःकडं टर्म संपेपर्यंत. मग मॅडमनी विचारलं आई चालायला लागली का. म्हटलं, हो, बाथरूमपर्यंत एकटी जातीय आता.